‘मावशी’ म्हणतो, मग तासांचा हिशेब का टाळतो?

माझ्या आईने पंधरा वर्षं लोकांच्या घरी धुणीभांडी केली. त्या सगळ्या घरांत तिला ‘मावशी’ म्हणत. दिवाळीला साडी मिळायची, उरलेली भाजी डब्यात मिळायची आणि पगाराचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असायचं, “अहो, तुम्ही काय परक्या आहात का?” नात्याचा शब्द वापरला की हिशेबाचा शब्द तोंडातून काढणं अवघड होतं, हे मी लहानपणी आईच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

आज मी पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर भाड्याने राहते. सकाळी साडेसातला आमच्याकडे एक बाई भांडी आणि झाडू-फरशी करायला येतात. मी त्यांना मावशी म्हणते. त्या वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या असून मला ‘ताई’ म्हणतात. मी त्यांना महिन्याला १,८०० रुपये देत होते. दोन कामं, प्रत्येकी ९००. हा आकडा कुठून आला, असं मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझ्या आधी या घरात राहणाऱ्यांनी तो मला सांगितला, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात पहिली पदवी त्यांचीच असेल, आणि पहिली मोलकरीणही त्यांनीच ठेवली असेल. म्हणून मी आमच्या मजल्यावर गेल्या वर्षी झालेला हिशेब इथे पूर्ण मांडते आहे. त्यात आमच्या चुकाही आहेत.

‘काम’ म्हणजे किती वेळ?

शहरात घरकामाचा दर ‘कामावर’ ठरतो. भांडी हे एक काम, झाडू-फरशी दुसरं, कपडे तिसरं. ऐकायला हे चोख वाटतं. पण दोन माणसांची भांडी आणि सहा माणसांची भांडी, दोन्ही एकच काम. पाहुणे आले तरी तेच काम. पूर्वी फक्त भांडी होती, मग ओटा पुसणं आलं, मग गॅसची शेगडी, मग कचऱ्याचा डबा बाहेर ठेवणं, तरी कामाचं नाव ‘भांडी’च राहिलं. काम फुगत जातं, दर आहे तिथेच राहतो.

कामावरच्या दरात जातही असते, आणि ती आपल्याला दिसायला हवी. पोळ्या-भाजी करणाऱ्या बाईचं आडनाव विचारलं जातं आणि तिला जास्त पैसे मिळतात. संडास-बाथरूम घासणारीला, तितकाच वेळ आणि जास्त कष्ट असूनही, कमी मिळतात. २०१७ साली याच पुण्यात स्वयंपाकाच्या बाईने जात लपवून सोवळं मोडलं म्हणून पोलिसांत तक्रार गेली होती. म्हणजे आपण कामाचा दर म्हणतो त्यात काही भाग शुद्ध-अशुद्धतेचा असतो. दर तासावर आणला की निदान हा भाग उघडा पडतो, कारण अर्धा तास कुणाच्याही हातचा असला तरी अर्धाच तास असतो.

आधी वेळ मोजली, पण घड्याळ त्यांच्या हातात

मावशी आमच्या मजल्यावरच्या चारही घरांत काम करत होत्या. आमचं घर ४०१, तिघांचं. ४०२ मध्ये निवृत्त काका-काकू. ४०३ मध्ये पाच जणांचं कुटुंब, दोन लहान मुलं. ४०४ मध्ये तीन नोकरदार मुलं मिळून राहत होती. मी चारही घरांशी बोलले आणि म्हटलं, मावशींचा पगार एकत्र बसून ठरवू.

पहिली चूक इथे झाली. आम्ही चौघं आधी भेटलो आणि मग मावशींना बोलावलं. त्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, “ताई, तुम्ही चारी घरं एक झालात. मी एकटीच आहे.” खरं होतं ते. शेजारी मिळून पगार ठरवतात तेव्हा बहुतेक वेळा तो पाडण्यासाठीच ठरवतात. सोसायटीच्या ग्रुपवर ‘कुणीही यापेक्षा जास्त देऊ नये, सवयी बिघडतात’ असे संदेश आपण सगळ्यांनी वाचलेले असतात. मालक एकत्र आणि कामगार एकटा असेल तर त्या बोलणीला बोलणी म्हणता येत नाही. पुढच्या वेळी मावशी आपल्या जाऊबाईंना घेऊन आल्या. त्या शेजारच्या इमारतीत कामाला आहेत आणि हिशेबाला पक्क्या आहेत. बैठक आमच्या घरी झाली आणि सगळे खुर्चीवर बसले. हे सांगावं लागतं, कारण पहिल्यांदा मावशी खाली बसायला निघाल्या होत्या.

वेळ मोजायची म्हटल्यावर मावशींनी दुसरी हरकत घेतली. “तुम्ही घड्याळ लावून बसलात की मला चोरासारखं वाटतं.” म्हणून ठरलं की वेळ त्यांनीच मोजायची. प्रत्येक घरात शिरताना आणि निघताना त्या फोनवर वेळ बघत आणि रात्री त्यांची दहावीतली मुलगी वहीत लिहून ठेवी. दोन आठवडे असं चाललं. एका दिवसाच्या मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण सोमवारी भांडी जास्त असतात आणि गुरुवारी कमी. बारा दिवसांची सरासरी काढली की खरा आकडा मिळतो.

सरासरी अशी निघाली. आमच्याकडे भांडी ३० मिनिटं आणि झाडू-फरशी ३०, एकूण ६०. काका-काकूंकडे भांडी २० आणि झाडू-फरशी ३५, एकूण ५५. ४०३ मध्ये भांडी ४५, झाडू-फरशी ३५, मशीनमधले कपडे वाळत घालणं आणि घड्या करणं २५, एकूण १०५. ४०४ मध्ये भांडी आणि ओटा मिळून ५०. चारही घरं धरून रोजचे २७० मिनिटं, म्हणजे साडेचार तास. महिन्याचे २६ दिवस धरले तर ११७ तास.

तेव्हा मावशींना मिळत होते आमच्याकडून १,८००, ४०२ कडून १,८००, ४०३ कडून २,४०० आणि ४०४ कडून १,६००. एकूण ७,६००. भागाकार मुलीनेच केला. सरासरी ताशी ६५ रुपये. पण घराघराने पाहिलं तर ४०२ ताशी ७५ च्या आसपास देत होतं आणि ४०३ जेमतेम ५३. ४०३ च्या वहिनींना वाटत होतं की आपण सर्वांत जास्त पगार देतो. महिन्याचा आकडा पाहिला तर ते खरंच होतं. तासाचा पाहिला तर त्या सर्वांत कमी देत होत्या. यात त्यांचा लबाडपणा नव्हता. कामावरचा दर हे सगळं झाकून ठेवतो, एवढंच.

तासाचा दर कुठून आणायचा?

इथे आपल्याला बाबासाहेबांकडे जावं लागतं, आणि तेही भावनेपोटी नव्हे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचं विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडलं. त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. ज्या धंद्यांत कामगार विखुरलेला आणि असंघटित आहे तिथे मजुरी बाजारावर सोडायची नाही, सरकारने तळ आखून द्यायचा, हा त्याचा गाभा. कोणत्या धंद्याला तो लावायचा हे बरंचसं राज्यांच्या हाती राहिलं. कर्नाटकाने २००४ मध्ये घरकामासाठी किमान वेतन जाहीर केलं, तामिळनाडूने २०१८ मध्ये तासाचा दर दिला. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगारांचा कायदा आहे, पण तो कल्याण मंडळाचा. मजुरीचा दर त्यात नाही.

मग आम्ही दुसरीकडचा तळ उसना घेतला. प्रत्येक राज्याचा कामगार विभाग दुकानं आणि इतर आस्थापनांतल्या अकुशल कामगारासाठी किमान वेतन जाहीर करतो आणि महागाई भत्त्याप्रमाणे ते वेळोवेळी बदलतं. तुमच्या शहराचा ताजा आकडा तुम्ही घ्या. इथे हिशेब सोपा जावा म्हणून मी महिन्याला १३,५२० धरते. सरकारी रीत अशी की महिन्याचं वेतन २६ ने भागलं की एका दिवसाचं निघतं. १३,५२० भागिले २६, म्हणजे ५२० रुपये रोज. आठ तासांनी भागलं तर ताशी ६५. मावशींना सरासरीने नेमके तेवढेच मिळत होते. काका लगेच म्हणाले, “मग प्रश्न कुठे आहे? किमान वेतन तर आपण देतोच आहोत.”

प्रश्न दोन ठिकाणी होता. पहिला, त्या ५२० रुपयांत दुकानातल्या कामगाराचा आठ तासांचा दिवस धरलेला आहे, आणि त्या आठ तासांत गिऱ्हाईक नसतानाचा वेळही येतो. मावशींचे साडेचार तास म्हणजे सलग पाण्यात हात आणि वाकलेली कंबर. अशी भांडी-फरशी कुणीही रोज आठ तास करू शकत नाही, आणि केली तर पाच वर्षांत गुडघे जातात. त्यात वस्तीपासून सोसायटीपर्यंतची पायपीट आणि गेटवरची नोंद धरा. जाऊबाई म्हणाल्या, “सहा तास काम झालं की आमचा दिवस संपला. त्याच्यावर शरीर देत नाही.” म्हणून आम्ही ५२० ला आठऐवजी सहाने भागलं. ताशी साधारण ८७ रुपये.

दुसरा प्रश्न असा की संघटित कामगाराच्या पगाराबरोबर मालक भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के आणि राज्य विम्याचे सव्वातीन टक्के भरतो. ते पगाराच्या आकड्यात दिसत नाहीत, पण म्हातारपणी आणि आजारपणात उपयोगी पडतात. मावशींसाठी हे कुणीच भरत नाही. ८७ वर साधारण सव्वापंधरा टक्के चढवले की १०० रुपये होतात. हाच आमचा तासाचा दर ठरला.

हा दर म्हणजे तळ आहे, छप्पर नाही. तुमच्या भागात बाजारभाव याहून जास्त असेल तर हा लेख दाखवून तो कमी करू नका. स्वयंपाकासारख्या कामाला कुशल कामगाराचं वेतन धरून हाच हिशेब करायचा. संडास-बाथरूमचं काम आम्ही या करारात घेतलंच नाही, ते ज्याचं त्याने करायचं. कुणाला ते हवंच असेल तर मावशींना आधी विचारायचं, हातमोजे आणि लांब दांड्याचा ब्रश द्यायचा आणि त्याचा दर साध्या तासापेक्षा वरचा ठेवायचा, खालचा नाही.

चार घरांत वाटणी

शंभर रुपयांनी ११७ तासांचे ११,७०० झाले. ज्याची जितकी मिनिटं तितका त्याचा वाटा. आमचे २,६००, ४०२ चे २,४००, ४०३ चे ४,५५० आणि ४०४ चे २,२००. पूर्ण आकडे करताना नेहमी वर न्यायचं ठरलं, म्हणून बेरीज ११,७५० झाली.

काकांनी आणखी एक मुद्दा काढला. “चारही घरं एकाच मजल्यावर आहेत. तिचा इमारतीतून इमारतीत जायचा वेळ वाचतो. त्याची काही सूट नको का?” हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण शेजाऱ्यांनी मिळून कामाला ठेवण्याचा सगळा फायदा-तोटा इथे ठरतो. विखुरलेल्या घरांत साडेचार तासांच्या कामासाठी बाईचे सहा-साडेसहा तास जातात. एका दारात कुलूप, दुसरीकडे “अर्ध्या तासाने या”. लागून घरं असली की हा फुकट जाणारा वेळ वाचतो. पण तो वेळ आजवर आम्ही कधी विकत घेतलाच नव्हता, तो तिच्याच खिशातून जात होता. मग वाचल्यावर तो आमचा कसा? तिला तो मुलीबरोबर घालवू दे किंवा पाचवं घर धरू दे. आम्ही आमच्या बाजूने एवढंच मान्य केलं की क्रम ठरलेला असेल आणि आपल्या वेळेला प्रत्येक दार उघडं असेल.

खरा ताण ४०३ मध्ये आला. २,४०० वरून एकदम ४,५५०. वहिनी चिडल्या, आणि त्यांच्या घरचा हिशेब पाहता ते समजण्यासारखं होतं. एकाचाच पगार, दोन शाळांच्या फिया. त्यांनी विचारलं, “माझ्यापुरता दर थोडा कमी करता येईल का?” मी मावशींकडे पाहिलं. मावशींनी थेट उत्तर दिलं. “काम कमी करा वहिनी, पैसे तासाचे तेवढेच.” मग कपड्यांचं काम वहिनींनी स्वतःकडे घेतलं. रोजची २५ मिनिटं गेली, ८० उरली आणि त्यांचा वाटा ३,५०० झाला. मावशींचं एकूण उत्पन्न १०,७०० वर आलं, पण रोजची २५ मिनिटंही सुटली. वहिनींना परवडत नव्हतं म्हणून कमी झालं ते काम. आपल्या अडचणीची किंमत मावशींनी अर्ध्या दरात राबून भरावी, असं कुणाला म्हणावं लागलं नाही.

कागदावर काय लिहिलं

सगळं एका पानावर मराठीत लिहिलं आणि त्याच्या पाच प्रती काढल्या. एक मावशींकडे. आठवड्याची सुट्टी त्यांनी निवडलेल्या वारी. त्यांनी रविवार निवडला, आम्हाला तो गैरसोयीचा होता आणि तसाच राहिला. वर्षाला अठरा दिवस भरपगारी रजा, शिवाय २६ जानेवारी, १४ एप्रिल, १ मे आणि १५ ऑगस्ट. रजा संपल्यावरच्या खाड्याला त्या घराच्या पगाराचा सव्विसावा भाग कापायचा, त्याहून जास्त नाही. दिवाळीला प्रत्येक घराने एक महिन्याचा पगार बोनस द्यायचा, आणि साडी दिली तर ती बोनसमध्ये धरायची नाही. पाच तारखेच्या आत पैसे मावशींच्या स्वतःच्या खात्यात.

आम्ही गावाला गेलो म्हणून पगार कापायचा नाही, हेही लिहिलं. मे महिन्यात तीन घरं एकदम गावाला जातात आणि नेमकी तेव्हा शाळेची फी भरायची असते. ज्याला घर सोडायचं असेल त्याने महिनाभर आधी सांगायचं, नाहीतर महिन्याचा पगार द्यायचा. आणि काम वाढलं आहे असं वाटलं तर मावशींनी पुन्हा सहा दिवस मोजायचं. सरासरीत रोज दहा मिनिटांहून जास्त फरक आला तर त्या घराचा वाटा बदलायचा.

हे शेवटचं कलम दोनदा वापरावं लागलं. एकदा आमच्याचकडे. आई दोन महिने राहायला आली होती आणि मी बेधडक जास्तीची भांडी टाकत गेले. मावशी काही बोलल्या नाहीत. आईच म्हणाली, “वही काढ.” ७२ मिनिटं निघाली. वरच्या बारा मिनिटांचे महिन्याला ५२० रुपये होतात. दोन महिन्यांचे दिले.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत. ४०४ ची मुलं ऑक्टोबरमध्ये घर सोडून गेली. महिन्याचा पगार देऊन गेली, पण नवे भाडेकरू आले नसते तर मावशींचे २,२०० गेलेच असते. त्यांना पेन्शन नाही आणि उद्या हात मोडला तर आम्ही चार घरं फार तर दोन महिने पुरे पडू. ही कामं कायद्याची आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरेलू कामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा असं केंद्राला सांगितलं, ते यासाठीच. घरेलू कामगारांच्या हक्कांचा २०११ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने अजून मंजूर केलेला नाही. १९८० साली याच शहरातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, हेही विसरून चालणार नाही. मावशींच्या जाऊबाईंसारखी चार माणसं बोलणीला बसवायची असतील तर संघटना लागते. चौथ्या मजल्याची समजूतदारी त्याला पर्याय नाही.

तरीही आपल्या दारापुरता अन्याय आपल्याला आज थांबवता येतो, त्यासाठी समितीच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. आपल्यापैकी अनेक जण कुणाच्या तरी भांड्याच्या पगारावर शिकले आहेत. ती भांडी किती मिनिटांची होती, हे आपल्या आईला कुणी विचारलं नाही. मी आईला आमचा कागद वाचून दाखवला. तिने चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचला आणि बोटांवर कितीतरी वेळ काहीतरी मोजत बसली. मग म्हणाली, “सात घरं होती माझी. ताशी बारासुद्धा पडत नव्हते.”

४०४ मध्ये आलेल्या नव्या भाडेकरूंनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, “इथे भांड्याचा रेट काय चालू आहे?” मी त्यांना सांगितलं, आधी मावशींना बारा दिवस मोजू द्या.